डिफ्यूझरमधलं तेल मनीच्या पोटात कसं गेलं?

"डॉक्टर, आम्ही सांगलीत गावभागात राहतो. पावसाळ्यात घरात ओल आणि डास फार, म्हणून मुलाने पुण्याहून पाण्याचं धुकं सोडणारं डिफ्यूझर आणलं. रात्री झोपायच्या खोलीत दारं-खिडक्या लावून त्यात निलगिरी आणि टी ट्री तेलाचे मिळून पंधरा थेंब घालतो, सकाळपर्यंत चालू ठेवतो. चार दिवस झाले, आमची मनी तोंडातून लाळ गाळते आणि मागच्या पायांनी झोकांड्या देते. कुत्रा आता खोलीत झोपतच नाही. दाराबाहेरच्या पिंजऱ्यात बजरीगरची जोडी आहे, त्यांना काही झालेलं दिसत नाही. तेल तर नैसर्गिक आहे. बंद करायचं का? आणि कोणती तेलं चालतील?"

ताई, तुमचं पत्र वाचलं त्याच दुपारी तुम्हाला फोन केला, कारण मनीच्या बाबतीत सदराचा दिवस येईपर्यंत थांबणं बरोबर नव्हतं. फोनवर जे घाईघाईत सांगितलं ते इथे नीट लिहिते. साताऱ्यात माझ्याकडे अशी मांजरं दर पावसाळ्यात येतात, म्हणजे तुमच्यासारखी घरं पुष्कळ असणार.

आधी एक छोटा हिशोब करू. तेलाचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. तुमचे पंधरा थेंब म्हणजे पाऊण मिलिलिटर झालं. एका रात्रीला हे काहीच वाटत नाही, पण दहा रात्रींत साडेसात मिलिलिटर होतं. दहा मिलिलिटरची बाटली जवळपास संपत येते. ती बाटली गेली कुठे? बंद खोलीतून तिला बाहेर जायला फारशी वाट नव्हती. ती चादरीवर, उशीवर, पडद्यावर, फरशीवर आणि मनीच्या अंगावर बसली.

तुमच्या यंत्रात तळाशी एक चकती असते. ती इतक्या वेगाने थरथरते की पाणी उकळल्याशिवायच त्याचं धुकं होतं. त्या धुक्यात पाण्याबरोबर तेलाचे अगदी बारीक कण असतात. वास पसरतो तो वेगळा, आणि हे कण खाली येऊन बसतात ते वेगळं. खात्री करायची असेल तर करून बघण्यासारखं आहे, अर्थात जनावरं दुसऱ्या घरी असताना. यंत्रापासून हातभर अंतरावर स्टीलचं एक कोरडं ताट ठेवायचं आणि सकाळी त्यावरून बोट फिरवायचं. बोट सरसर न जाता किंचित चिकटतं, आणि वास घेतला तर निलगिरीचा भपकारा येतो. तुम्ही फोनवर म्हणालात ना, की कपाटाच्या आरशावर धुरकट थर येतो आणि ओल्या फडक्याने जात नाही? तोच हा थर. मनी रात्रभर पलंगाच्या पायथ्याशी, यंत्रापासून तीन-चार फुटांवर झोपत होती. तिच्या अंगावरही तोच थर बसला.

आणि मांजर दिवसातला केवढा वेळ अंग चाटण्यात घालवते ते तुम्ही रोज बघता. केसांवर जे बसेल ते जिभेवर येतं आणि जिभेवरून पोटात जातं. म्हणजे तुम्ही तेल हवेत सोडलंत, पण मनीने ते खाल्लं. "आम्ही तर नुसता वास दिला" असं घरातले सगळे अगदी मनापासून सांगतात, कारण त्यांनी खरोखरच तेवढंच केलेलं असतं. मधला जिभेचा टप्पा कुणाच्या लक्षात येत नाही.

पोटात गेल्यावर पुढची अडचण सुरू होते. तुमच्या-माझ्या यकृतात अशा द्रव्यांना ग्लुक्युरॉनिक आम्लाची जोड दिली जाते. जोड मिळाली की तेलात विरघळणारं द्रव्य पाण्यात विरघळतं आणि लघवीवाटे निघून जातं. ही जोड देणारी विकरं अनेक आहेत, आणि त्यांतल्या एका महत्त्वाच्या विकराचं जनुक मांजरांत मोडलेलं आहे. घरच्या मनीतच नव्हे, वाघ-सिंहांतही. त्यामुळे लवंग, ओवा, दालचिनी यांच्या तेलातली फिनॉल जातीची द्रव्यं आणि तशाच वाटेने निघणारी इतर पुष्कळ द्रव्यं मांजराच्या अंगात फार हळू निकामी होतात. कालचं पूर्ण निघायच्या आत आजचं येतं. म्हणून पहिल्या रात्री काही दिसत नाही, दुसऱ्या रात्री दिसत नाही, आणि आठवड्याने लाळ सुरू होते. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराच्या जिवावर उठते, त्याच्यामागे यकृतातली हीच कमतरता आहे. ताप वाटला म्हणून ती गोळी कधीही देऊ नका, हे इथेच सांगून ठेवते.

आता "नैसर्गिक" या शब्दाबद्दल. निलगिरीच्या ताज्या पाल्यात तेलाचं प्रमाण जेमतेम एक-दोन टक्के असतं. तुमच्या हातातल्या दहा मिलिलिटरच्या बाटलीत साधारण अर्धा ते एक किलो पाल्याचा अर्क आहे. अंगणातल्या झाडाखालून मांजर गेलं तर काही होत नाही. पण अर्धा किलो पाला कुटून तिच्या अंगाला चोळा असं कुणी सांगितलं, तर तुम्ही चोळणार नाही.

मनीचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण वाचणाऱ्यांसाठी क्रमाने सांगते. फोनवर मी तुम्हाला तिच्या मानेवरचे केस हुंगायला सांगितले, आणि तुम्ही लगेच म्हणालात, "अहो, निलगिरीचाच वास येतोय." निदानाच्या दृष्टीने ही फार मोठी खूण आहे. लाळ आणि झोकांड्या अनेक आजारांत येतात, पण केसांना किंवा श्वासाला तेलाचा वास असेल तर शोध तिथूनच सुरू करायचा. मग यंत्र बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि मनीला दुसऱ्या खोलीत नेलं. भांडी घासायचा लिक्विड साबण थोड्या कोमट पाण्यात कालवून तिला मानेपासून शेपटीपर्यंत दोनदा धुतलं. साधा शाम्पू तेल नीट काढत नाही, हा साबण काढतो. डोळ्यांत आणि तोंडात जाऊ द्यायचा नाही, आणि शेवटी स्वच्छ पाण्याने पूर्ण निघेपर्यंत धुवायचं. ओलं मांजर लगेच चाटायला लागतं, म्हणून तिला टॉवेलात गुंडाळून कोरडं केलं आणि मांडीवर उबेत ठेवलं. ऊब फार महत्त्वाची. या तेलांनी मांजराच्या अंगाचं तापमान उतरतं. निरोगी मांजराचं तापमान शंभर ते एकशे दोन पूर्णांक पाच फॅरनहाइटच्या आसपास असतं. मनीचं दवाखान्यात साडेअठ्ठ्याण्णव भरलं, तेही धुऊन, कोरडं करून, गुंडाळून नेल्यावर.

दवाखान्यात सलाइन लावली, ऊब दिली आणि यकृताची रक्ततपासणी झाली. त्यात एक विकर वाढलेलं निघालं. दुसऱ्या रात्री लाळ थांबली, तिसऱ्या दिवशी ती सरळ चालायला लागली. या तेलांच्या बाधेत साधारण असंच होतं. शुद्ध तेल थेट अंगाला लागलं तर लक्षणं काही तासांतच सुरू होतात, मनीसारखं थोडं थोडं साठत गेलं तर उशिरा, आणि उपचार वेळेवर मिळाले तर बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत ओसरतात. लाळेनंतर अंगाला कंप सुटला असता किंवा झटका आला असता तर ते प्रकरण फार अवघड झालं असतं.

या सगळ्यात तुम्ही एक गोष्ट केली नाहीत, आणि तेच बरोबर झालं. शेजारच्या काकूंनी मीठपाणी पाजून उलटी काढायला सांगितलं होतं ना? तेल पोटात गेलेल्या जनावराला उलटी कधीही करवू नका. वर येताना तेलाचा एखादा थेंब श्वासनलिकेत शिरला की फुप्फुसाला सूज येते, आणि ती मूळ विषबाधेपेक्षा वाईट ठरू शकते. दूध-तूपही पाजायचं नाही. ही द्रव्यं स्निग्धात विरघळतात आणि आतड्यातून आणखी सहज शोषली जातात. तेलाची बाटली मात्र डॉक्टरांकडे घेऊन जायची. लेबलावर नेमकं कोणतं तेल आणि किती टक्के ते कळलं की आमचा अर्धा तास वाचतो.

तुमच्या दोन तेलांपैकी माझा जास्त संशय टी ट्रीवर आहे. जनावरांच्या बाबतीत ते सगळ्यांत जास्त नोंदलं गेलेलं तेल आहे. अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी २००२ ते २०१२ या काळातल्या कुत्र्या-मांजरांच्या ४४३ केसेस एकत्र करून २०१४ मध्ये छापल्या. त्यांतल्या बहुतेकांत लोकांनी ते शुद्ध तेल स्वतःच्या हाताने, औषध म्हणून लावलेलं होतं. आपल्याकडेही तसंच होतं. गेल्या वर्षी साताऱ्यातल्याच एका घरातून साडेतीन किलोचा बोका रात्री दहाला आला. पिसवा झाल्या म्हणून दुपारी मानेवर न पातळ करता टी ट्री लावलं होतं. संध्याकाळी त्याला जिना चढता येईना. मान धुऊन, गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून कुशीला लावून रात्रभर ठेवला, तेव्हा वाचला. पिसवांवर मांजरांसाठी बनवलेलं औषध मिळतं. ते वजन सांगून डॉक्टरांकडून घ्या, आणि कुत्र्याचं मांजराला लावू नका. कुत्र्यांच्या काही पिसवांच्या औषधांत पर्मेथ्रिन असतं आणि त्यानेही मांजरांना झटके येतात.

मग बाकीची तेलं. तुम्ही यादी मागितलीत, पण नुसती नावं पाठ होत नाहीत, म्हणून घरात ती कुठल्या रूपात असतात ते सांगते. लवंग, दालचिनी, ओवा आणि परदेशी बाटल्यांतलं थाइम-ओरेगॅनो हे एका कुळातले, फिनॉलवाले. मांजराला सगळ्यांत जड. आपल्याकडची अमृतधारा म्हणजे ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर एकत्र करून झालेलं पाणी. माणसाच्या पोटदुखीला ती दोन थेंब चालते म्हणून मांजराच्या पोटदुखीला द्यायची नाही. निलगिरी आणि कापूर ही झटके आणणारी जोडी आहे, आणि ती कुत्र्यालाही तितकीच बाधते. लिंबू, संत्रं, मोसंबी यांच्या सालीच्या तेलातलं लिमोनिन मांजराला सोसत नाही. फरशी पुसायच्या पाण्यात लिंबाचं तेल घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण मांजर त्याच फरशीवरून चालतं आणि मग पंजे चाटतं. गवती चहा, सिट्रोनेला, पाइन, पुदिना आणि यलांग-यलांग हीसुद्धा मांजराच्या घरात नकोत. पेनिरॉयल नावाचं एक तेल पिसवांसाठी म्हणून ऑनलाइन मिळतं. ते कुणाच्याच घरात नको, कारण ते सरळ यकृत जाळतं, आणि त्याने कुत्रा मेल्याची नोंद पशुवैद्यक साहित्यात आहे.

विंटरग्रीनबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ते डिफ्यूझरमधून क्वचितच येतं, ते येतं आजी-आजोबांच्या गुडघ्यावरून. दुकानात ते गंधपुरा तेल म्हणून मिळतं, आणि सांधेदुखीच्या कितीतरी मलमांत असतं. त्यातला मुख्य पदार्थ ॲस्पिरिनच्या घराण्यातला आहे. रात्री गुडघ्याला चोळलेलं तेल कुत्रा मायेने चाटतो, रोज चाटतो, आणि मग एक दिवस उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट रक्त दिसतं. तुमच्या घरी सासूबाई आहेत म्हणून हे लिहिलं. मलम लावल्यावर वर सुती पट्टी किंवा पायमोजा घालायला सांगा, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय जनावराला कुरवाळू नका.

लॅव्हेंडरबद्दल लोक हमखास विचारतात, कारण ते सौम्य म्हणून विकलं जातं. फक्त कुत्रा असलेल्या घरात ते मी चालवून घेते. मांजर असेल तर नाही.

तुमच्या कुत्र्याचं वागणं मला फार शहाणपणाचं वाटलं. ज्या खोलीत तो वर्षानुवर्षं झोपला ती त्याने आपणहून सोडली, म्हणजे त्याने तुम्हाला उत्तर आधीच दिलेलं होतं. कुत्र्याचं यकृत मांजरापेक्षा पुष्कळ बरं काम करतं आणि तो अंगही तेवढं चाटत नाही, म्हणून हवेतल्या तेलाने तो सहसा आजारी पडत नाही. त्याला त्रास होतो तो नाकाला. शिंका, डोळ्यांतून पाणी, खोलीबाहेर पळणं. त्याचा खरा धोका बाटली चावणं हा आहे. पिल्लू असेल तर दहा मिलिलिटरची बाटली हे त्याच्यासाठी खेळणं असतं. बाटल्या औषधांसारख्या कपाटात, बूच घट्ट लावून ठेवा.

आता पक्षी. तुम्ही लिहिलंत की त्यांना काही झालेलं दिसत नाही, आणि मला सगळ्यांत जास्त काळजी याच वाक्याची वाटली. पक्षी आजार लपवतात. रानात आजारी दिसणारा पक्षी पहिला उचलला जातो, म्हणून अगदी शेवटपर्यंत तो ठीक असल्यासारखा बसतो. पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी आला म्हणजे बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

पक्ष्याचा श्वास आपल्यासारखा नाही. त्याला श्वासपटल नाही. फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या आहेत, आणि त्यामुळे हवा फुप्फुसातून एकाच दिशेने, आत घेतानाही आणि बाहेर सोडतानाही, वाहत राहते. उडायला प्राणवायू भरपूर लागतो म्हणून ही सोय आहे. पण हवेत जे काही असेल तेही त्याच सोयीने रक्तात जातं. कोळशाच्या खाणीत विषारी वायू ओळखायला कॅनरी पक्षी नेत असत, ते ह्याच कारणाने, आणि ब्रिटनमध्ये ही पद्धत १९८६ पर्यंत होती. वर आणखी पिसांवर बसलेलं तेल तो चोचीने विंचरताना गिळतो. म्हणजे मांजराचा रस्ता आणि फुप्फुसाचा रस्ता, दोन्ही.

म्हणून पक्षी असलेल्या घरात कुठलंही तेल डिफ्यूझरमध्ये नको, अगदी कमी प्रमाणातही नको. इथे मी थेंबांचा हिशोब सांगणारच नाही. खोलीचं दार लावून भागत नाही, कारण तुमच्या वाड्यात दारांखाली बोटभर फट असते आणि पिंजरा दाराबाहेरच टांगलेला आहे. आरतीचा कापूर, धूप आणि तापून धूर सोडणारा नॉनस्टिक तवा यांपासूनही पिंजरा लांब हवा. नॉनस्टिकचा धूर तर पक्ष्याला काही मिनिटांत मारतो.

तुमच्या जोडीवर नजर कशी ठेवायची ते सांगते. आधी पिंजरा पलीकडच्या मोकळ्या गॅलरीत, वारा थेट लागणार नाही अशा कोपऱ्यात हलवा. मग पाच मिनिटं लांबून, त्यांच्याकडे रोखून न बघता बसा. श्वासाबरोबर शेपटी पंपाच्या दांड्यासारखी खाली-वर होते का, चोच उघडी ठेवून श्वास घेतात का, आवाज कमी झालाय का, हे बघा. आणि एक खरोखर भरवशाची खूण म्हणजे वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, त्यावर झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा हलका डबा ठेवून काटा शून्यावर आणा आणि पक्षी त्यात अलगद ठेवा. बजरीगर साधारण तीस ते चाळीस ग्रॅमचा असतो. रोज सकाळी खायच्या आधी आठवडाभर वजन लिहून ठेवा. तीन-चार ग्रॅम उतरलं तर आकडा छोटा वाटतो, पण त्याच्यासाठी तो शरीराचा दहावा भाग आहे. त्या दिवशी थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.

आता यंत्राचं काय करायचं? तुमच्याकडे मांजरही आहे आणि पक्षीही, त्यामुळे माझं उत्तर सरळ आहे. ताई, ते बहिणीला द्या. तिच्याकडे फक्त कुत्रा आहे असं तुम्ही सांगितलंत, म्हणून तिने कसं वापरावं ते लिहिते. दोनशे मिलिलिटर पाण्यात तीन, फार तर चार थेंब. मोठ्या हॉलमध्ये, एक खिडकी उघडी ठेवून. वीस-तीस मिनिटं चालवायचं आणि बंद करायचं, मग काही तास पुन्हा नाही. रात्रभर कधीच नाही. कुत्र्याला खोलीतून उठून जायला दार उघडं हवं, कारण नको असेल तर तो निघून जाणार, आणि ती वाट आपण ठेवायलाच हवी. यंत्र त्याच्या शेपटीच्या टप्प्याबाहेर, वायर लोंबणार नाही असं. पिल्लू, म्हातारा कुत्रा, गाभण कुत्री, खोकणारा कुत्रा किंवा पगसारखा बसक्या नाकाचा कुत्रा असेल तर नकोच.

यंत्रांमध्येही फरक आहे. पाणी न घालता बाटलीच उलटी लावून शुद्ध तेलाचा फवारा सोडणारं एक यंत्र मिळतं, ते जनावर असलेल्या कुठल्याच घरात आणू नये. काड्या बुडवलेली शोभेची बाटली धुकं सोडत नाही, म्हणून लोकांना ती निर्धोक वाटते. पण ती म्हणजे टेबलावर उघडं ठेवलेलं तेल आहे. मांजराची शेपटी लागली की ती सांडते, पंजे भिजतात आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. विजेच्या कापूरदाणीत कण उडत नाहीत, नुसती वाफ निघते. तरी बंद खोलीत रात्रभर कापूर कोंडला की मांजराच्या नाकाला आणि दम्याला त्रास होतोच, आणि पक्ष्याला तर नक्कीच. कापराच्या वड्या आणि डांबराच्या गोळ्या जनावराच्या तोंडी लागणार नाहीत अशा ठेवा.

डासांचा प्रश्न खरा आहे, कृष्णाकाठच्या पावसाळ्यात तो असणारच. खिडक्यांना जाळी मारा, पलंगाला मच्छरदाणी लावा आणि झोपताना पंखा अंगावर घ्या. डास वाऱ्यात नीट उडू शकत नाहीत. मनीला मच्छरदाणीच्या आत झोपायची सवय चार दिवसांत लागेल. ओलीच्या वासासाठी तेलाने काही होत नाही, ओल तशीच राहते. उन्हाची तिरीप आली की दोन तास कपाटं उघडी टाका.

खोली मात्र एकदा नीट धुवायला हवी, नाहीतर यंत्र नसतानाही मनी तोच थर चाटत राहील. चादरी, उशांचे अभ्रे आणि तिची गादी गरम पाण्यात साबणाने धुवा. पडदेही. कपाटाचा आरसा, पलंगाच्या कडा, फरशी हे सगळं भांड्यांच्या साबणाच्या पाण्याने पुसून वर साध्या पाण्याचा हात फिरवा. सुगंधी फिनाइल वापरू नका. धुऊन झाल्यावर एक रात्र वाळू द्या आणि मग आरशावर, पलंगाच्या कडांवर आणि फरशीवर बोट फिरवून बघा. सकाळी बोट सरसर फिरलं आणि वास आला नाही, की मनीला आत सोडा.

तिची यकृताची तपासणी दहा दिवसांनी पुन्हा करायला सांगितली आहे, ती बरी दिसते म्हणून टाळू नका. तोवर पोटभर खायला द्या, उपाशी अजिबात ठेवू नका. मांजर दोन दिवस न खाल्लं तर त्याच्या यकृतात चरबी साठू लागते, आणि तिचं यकृत आत्ताच थकलेलं आहे. उकडलेली कोंबडी बिनमिठाची, कोमट करून, थोडी थोडी. आणि पक्ष्यांच्या वजनाचा कागद सोबत पाठवा, मी बघते.